पंचवीस टक्के जास्त घ्यायचे की निवाड्याची वाट पाहायची?

प्रश्न : भिवंडी तालुक्यात आमची वडिलोपार्जित 45 आर शेतजमीन आहे. त्यातली 20 आर रस्त्यासाठी जाणार म्हणून कलम 21 ची नोटीस आली आहे. प्रांत कार्यालयात सांगितलं, दर आरला 1 लाख, गुणक 2, झाडं आणि विहीर मिळून 3 लाख. संमतीने खरेदीखत करून दिलं तर एकूण रकमेवर 25 टक्के जास्त. माझा भाऊ म्हणतो थांबू, कारण शेजारच्याने गेल्याच महिन्यात दीड लाख आरने जमीन विकली, म्हणजे आपलाही भाव वाढेल. सातबारावर आम्हा दोघा भावांसोबत दोन बहिणींची नावं आहेत. सही करावी का?

उत्तर :

सही करायला हरकत नाही, पण आज नको. आधी तो एक लाखाचा दर कुठून आला ते बघा. तुमचे 25 टक्के त्या दरावरच चढणार आहेत, त्यामुळे दर कमी धरला असेल तर तेही कमीच येतील. आणि तुमच्या भावाने सांगितलेलं कारण चालणार नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्यात जमिनीचा बाजारभाव कलम 11 च्या प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेला ठरतो. ती तारीख तुमच्या नोटिशीच्या पहिल्या परिच्छेदात असेल. त्या तारखेनंतर परिसरात कितीही चढ्या भावाने जमीन विकली गेली तरी ते खरेदीखत हिशोबात धरलं जात नाही. रस्ता जाहीर झाला की आजूबाजूचे भाव वाढतातच, आणि ती वाढ सरकारने भरून द्यावी असा हा कायदा नाही. शेजाऱ्यांचा दीड लाखाचा व्यवहार गेल्या महिन्यातला आहे आणि तुमची अधिसूचना त्याआधीची. म्हणून थांबल्याने दर वाढणार नाही. वाढेल ती फक्त अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत, म्हणजे भरपाई ठरवणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत, किंवा ताब्यापर्यंत, जे आधी होईल तिथपर्यंत, बाजारमूल्यावर मिळणारी वर्षाला 12 टक्के रक्कम.

आता तुमचेच आकडे मांडू. 20 आर गुणिले 1 लाख म्हणजे 20 लाख. ग्रामीण भागासाठी गुणक 2, म्हणजे 40 लाख. त्यात झाडं-विहिरीचे 3 लाख मिळवले की 43 लाख. गुणक फक्त जमिनीला लागतो, झाडांना किंवा विहिरीला नाही. या 43 लाखांवर दिलासा रक्कम 100 टक्के, म्हणजे आणखी तेवढीच, एकूण 86 लाख. संमतीने दिली तर त्यावर 25 टक्के, म्हणजे साडेएकवीस लाख, आणि हातात 1 कोटी साडेसात लाख.

निवाड्याची वाट पाहिली तर हे 25 टक्के मिळत नाहीत, 12 टक्के मिळतात. अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत दीड वर्ष गेलं असं धरू. सावधपणे गुणकाआधीच्या 20 लाखांवर काढलं तर 3 लाख 60 हजार होतात. निवाडा सुमारे 89 लाख 60 हजारांचा. म्हणजे तोच दर कायम राहिला तर थांबण्याची किंमत जवळजवळ 18 लाख. निवाड्यातून संमतीइतकी रक्कम मिळायची असेल तर आरचा दर एक लाखावरून साधारण 1 लाख 21 हजारांवर जायला हवा.

तो जाऊ शकतो का, हे खरेदीखतांवर ठरतं. कलम 26 प्रमाणे दोन आकडे काढायचे आणि त्यातला जास्त तो घ्यायचा. एक, शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा. दुसरा, तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या परिसरातल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी. ही सरासरी सगळ्या खतांची नाही. अधिसूचनेआधीच्या तीन वर्षांत नोंदलेली खतं घ्यायची, किमतीप्रमाणे लावायची आणि वरच्या निम्म्यांची सरासरी काढायची. इथे लोक फसतात आणि कधी कधी तक्ता तयार करणारेही चुकतात.

समजा तीन वर्षांत आठ खतं झाली. आरला 60 हजार, 70 हजार, 75 हजार, 80 हजार, 95 हजार, 1 लाख, 1 लाख 10 हजार आणि 1 लाख 35 हजार. आठांची सरासरी येते साधारण 90 हजार 600. वरच्या चारांची येते 1 लाख 10 हजार. फरक जवळपास वीस हजारांचा, आणि तो पुढे गुणक, दिलासा आणि 25 टक्के असा तीनदा वाढत जातो. दर 1 लाख 10 हजार निघाला तर तुमची संमतीची रक्कम 1 कोटी साडेसतरा लाख होते, म्हणजे दहा लाख जास्त, तेही निवाड्याची वाट न पाहता. दर संमतीआधी तपासा, असा आग्रह मी त्यासाठीच धरतो आहे.

म्हणून प्रांत कार्यालयाकडे अर्ज करून दरनिश्चितीचा तक्ता आणि त्यात घेतलेल्या खतांचे दस्त क्रमांक मागा. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करा किंवा दुय्यम निबंधक कार्यालयात सूची पाहा. गावाचं नाव, तीन वर्षं, आणि प्रत्येक खतातलं क्षेत्र व किंमत कागदावर उतरवा. कुठली खतं वगळली आणि का, हे विचारा. बाजारभाव दाखवत नाही असं वाटणारं खत बाजूला ठेवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, पण त्याला कारण हवं. आपल्या बाजूनेही सावध राहा. गावठाणालगतचा चार गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट पाच लाखांनी गेला म्हणून तो तुमच्या शेताशी तुलना करण्यालायक ठरत नाही. तसंच दुसऱ्या एखाद्या संपादनात मिळालेली भरपाईही दाखला म्हणून चालत नाही. तुमच्यासारखी, रस्त्याला लागलेली किंवा न लागलेली, शेतीच असलेली खतं शोधा.

त्या तीन वर्षांतली अशी दोन-तीन भक्कम खतं सुटली असतील तर ती जोडून दर वाढवण्यासाठी लेखी निवेदन द्या, पोच घ्या. थेट खरेदीचा दर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे ठरतो, त्यामुळे टेबलावरच्या कारकुनाशी वाद घालून उपयोग नाही. खतं मिळालीच नाहीत आणि तक्ता बरोबर निघाला तर मात्र वेळ न घालवता संमती द्या.

दुसरी गोष्ट संयुक्त मोजणीच्या पत्रकाची. तीन लाखांचा आकडा त्यातूनच आला आहे. पत्रकात झाडांच्या रकान्यात जात, संख्या आणि वय किंवा घेर लिहिलेला असतो. फळाला आलेला आंबा 'लहान' असा नोंदला असेल तर त्याची किंमत खूप कमी होते. विहिरीशेजारची बोअरवेल, पाइपलाइन, पंपघर सुटलं आहे का ते शिवारात फिरून ताडून पाहा. एक 20 हजारांचं झाड सुटलं तर दिलाशासह 40 हजार आणि संमतीने 50 हजार गेले. पोटखराबा आणि लागवडीखालचं क्षेत्र नीट लिहिलंय का तेही बघा.

तुमच्या उरलेल्या 25 आरचंही पाहायला हवं. रस्ता मधून गेला आणि एका तुकड्याला वाट उरली नाही, किंवा विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहिलं, तर त्या नुकसानीचा दावा कायद्यात मान्य आहे. तो कलम 21 च्या नोटिशीला उत्तर देताना लेखी करायचा असतो. नोटिशीत दिलेल्या तारखेला नुसतं हजर राहून 'आमचं काही म्हणणं नाही' अशी सही करून येऊ नका. संमती देणार असाल तरी हे उत्तर द्याच, कारण संमती फिसकटली तर तेच तुमच्या हातात राहतं. खरेदीखत करायचं ठरलं तर तुकड्याला वाट कुठून मिळेल ते मसुद्यात येऊ द्या. एकदा खरेदीखत झालं की वाढीव मोबदल्यासाठी दाद मागायची वाट साधारणपणे बंद होते.

निवाड्याच्या वाटेने गेलात तर रक्कम 'हरकत राखून' घ्यायची आणि निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे भरपाई वाढवून मागणारा संदर्भ अर्ज करायचा. हरकत न नोंदवता पैसे घेतले तर पुढे वाढ मागता येत नाही. ही लढाई वर्षानुवर्षं चालते. जिंकलात तर वाढीव रकमेवर ताब्यापासून पहिलं वर्ष 9 टक्के आणि नंतर 15 टक्के व्याज मिळू शकतं, पण ते जिंकल्यावर. तुमच्याकडे खतं भक्कम असतील आणि समितीने ती विचारातच घेतली नाहीत, तर आणि तरच ही वाट धरा.

कराबद्दल. 2013 च्या कायद्याखालच्या निवाड्यावर किंवा करारावर, कलम 96 प्रमाणे, आयकर नाही. थेट खरेदीखत म्हणजे साधी विक्री, असं धरून काही वेळा 10 टक्के टीडीएस कापला जातो. बुलेट ट्रेनसाठी थेट खरेदीने घेतलेल्या ठाणे जिल्ह्यातल्या जमिनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जमीनमालकाच्या बाजूने निकाल दिला होता. खरेदीखताच्या मसुद्यात हे संपादन 2013 च्या कायद्याखालीच होत आहे असा स्पष्ट उल्लेख असावा, असा आग्रह धरा. तरीही कपात झाली तर विवरणपत्र भरून परतावा मागा, आणि त्यासाठी सीए आधीच गाठून ठेवा. वाढीव भरपाईवरचं व्याज मात्र करपात्र असतं, त्यातल्या निम्म्याची वजावट मिळते.

राहता राहिल्या तुमच्या बहिणी. सातबारावर नाव आहे म्हणजे त्या खातेदार आहेत, त्यांच्या सहीशिवाय खरेदीखत होणार नाही. 'आधी हक्कसोड करून घेऊ, मग पैसे वाटू' असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. वाद झाला तर रक्कम भूसंपादनाचे वाद सोडवणाऱ्या प्राधिकरणाकडे जमा होते आणि सगळेच अडकतात. चौघांचा समान हिस्सा असेल तर वरच्या हिशोबात प्रत्येकी सुमारे 26 लाख 87 हजार येतात. चौघांची बँक खाती वेगवेगळी द्या आणि रक्कम थेट त्यात-त्यातच जाईल, असं संमतिपत्रावर लिहून घ्या.