तिसऱ्या का घटल्या: पर्याय द्यायचे की बोलू द्यायचं?

«एमएसडब्ल्यूच्या प्रबंधासाठी रत्नागिरीजवळच्या खाड्यांत तिसऱ्या काढणाऱ्या १५० बायकांचा सर्व्हे करतेय. या विषयावर आधीचा सर्व्हे सापडला नाही. 'तिसऱ्या कमी का झाल्या?' याला चार पर्याय ठेवलेत: प्रदूषण, हवामान बदल, वाळूउपसा, अति काढणी. सर म्हणतात, प्रश्न मोकळा ठेव. मग १५० उत्तरं मोजायची कशी?»

सगळ्या १५० जणींना मोकळा प्रश्न नको. आधी वीसेक जणींना विचारा आणि पर्याय त्यांच्या बोलण्यातून काढा. तुमचे आत्ताचे चार पर्याय पेपरातून आलेत, खाडीतून नाही.

यादी दिली की लोक यादीतलंच निवडतात. २००८ च्या अमेरिकन निवडणुकीनंतर प्यू रिसर्च सेंटरने मतदारांना विचारलं, मत देताना कोणता मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटला? पाच पर्याय वाचून दाखवले तेव्हा ५८ टक्के 'अर्थव्यवस्था' म्हणाले, मोकळं विचारलं तेव्हा ३५. मोकळ्या उत्तरांत ४३ टक्क्यांनी यादीत नसलेलंच काही सांगितलं. यादी समोर असताना असे फक्त ८ निघाले. म्हणजे 'इतर' ठेवल्याने तुटकी यादी सांधली जात नाही.

मी स्वतः हे एका खाडीत भोगलंय. यादीवर बहुतेकींनी 'प्रदूषण' सांगितलं. नंतर चहा पिताना त्यातलीच एक म्हणाली, "रेव होती तिथं आता चिखल बसलाय, पाय रुततो." पाणी घाण झाल्याचं ती बोललीच नव्हती. तळ बदलला हे तिचं कारण, आणि माझ्या यादीत त्यातलं सर्वांत जवळचं 'प्रदूषण' होतं!

तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा जा. उधाणाच्या सुकतीला त्या पाण्यात असतात, तुमच्याशी कोण बोलणार? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. 'चिखल बसलाय'चं 'गाळ साचणे' करायचं ते घरी आल्यावर. "काय म्हाईत" आलं तर "पूर्वी कुठं मिळायच्या, आता तिथं काय आहे?" असं विचारा, "म्हणजे प्रदूषण का?" असं नाही. शेवटच्या चार-पाच जणींकडून नवं कारण आलं नाही की थांबा. मग उत्तरांचे गट पाडा, मैत्रिणीलाही वेगळे पाडायला सांगा. जिथे दोघींचं जमत नाही, तो गट धूसर आहे.

या वीस जणींची टक्केवारी मात्र काढू नका. जी वाळूउपशाबद्दल बोलली नाही, तिला तो मान्य नाही असं नव्हे. तिला तेव्हा आठवला नसेल. म्हणूनच पुढच्या फेरीत "एक निवडा" न म्हणता प्रत्येक कारणाला हो, नाही किंवा माहीत नाही असं उत्तर घ्या. प्रश्न वाचून दाखवणार, तर क्रम दर फॉर्मला बदला, कारण शेवटी ऐकलेलं जास्त लक्षात राहतं.

आधी दहा जणींवर फॉर्म तपासा. 'इतर'मध्ये एकच गोष्ट दोन-तीनदा आली, तर छापण्याआधी ती यादीत घ्या.