सरासरीपेक्षा जास्त पाय

प्रश्न : मुलाच्या वर्गात ४० मुलं. चाचणीनंतर बाई म्हणाल्या, ३४ जण सरासरीच्या वर आहेत. सरासरी म्हणजे मधलं ना? मग निम्म्याहून जास्त पोरं वर कशी? हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "त्यात काय, जवळजवळ सगळ्यांनाच सरासरीपेक्षा जास्त पाय असतात." त्यानं चेष्टा केली की ‘सरासरी’ हा शब्द असाही वापरतात? (कोल्हापूर)

उत्तर : बाईंचं वाक्य बरोबर आहे आणि तुमच्या मित्राचंही. घोटाळा ‘मधलं’ या शब्दात आहे.

आधी पायांचं बघू. कोल्हापूर शहराची लोकसंख्या हिशेबाच्या सोयीसाठी साडेपाच लाख धरा. त्यात एक पाय असलेले ५०० आणि दोन्ही पाय नसलेले ५० जण आहेत असं मानू. हे आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, मोजणीचे नाहीत. सगळ्यांना दोन-दोन पाय असते तर एकूण ११,००,००० झाले असते. त्यातून ५०० जणांचा एकेक आणि ५० जणांचे दोन-दोन असे ६०० वजा केले की उरतात १०,९९,४००. याला साडेपाच लाखांनी भागलं की सरासरी येते १.९९८९. दोन पायांवर चालणारा प्रत्येक माणूस या सरासरीच्या वर, म्हणजे ५,४९,४५० लोक. खाली फक्त ५५०.

यात हातचलाखी काही नाही. दोनच्या वर जायला वाटच नाही. तीन पायांचा माणूस इतका दुर्मिळ की हिशेबात धरायचं कारण नाही. खाली मात्र एक आहे, शून्य आहे. एकाच बाजूला जागा असली की सरासरी त्याच बाजूला सरकते, आणि दोनवरून केसभर सरकली तरी दोनवाले सगळे एकदम तिच्या वर जातात.

सरासरी तराजूसारखी वागते. ती दोन्ही बाजूंची डोकी मोजत नाही, अंतरं तोलते. वरच्या ५,४९,४५० लोकांचं सरासरीपासूनचं अंतर प्रत्येकी जेमतेम ०.००१०९ आहे. सगळ्यांचं मिळून ते ५९९.४ भरतं. खालचे ५५० लोक थोडे, पण लांब उभे आहेत : एक पायवाल्यांचं अंतर मिळून ४९९.४५ आणि बिनपायांच्यांचं ९९.९५. बेरीज पुन्हा ५९९.४. दोन्ही पारडी सारखी. अंतरं सारखी असली पाहिजेत ही अट सरासरीला आहे, माणसं सारखी असली पाहिजेत अशी नाही. म्हणून वरचे किती असू शकतात याला एकच मर्यादा उरते : सगळेच्या सगळे वर असू शकत नाहीत, किमान एकाला तरी खाली राहावं लागतं.

‘मधलं’ म्हणजे निम्मे इकडे, निम्मे तिकडे, असं जे तुमच्या मनात आहे, त्याला शाळेच्या पुस्तकात वेगळा शब्द आहे : मध्यक. सगळ्यांना चढत्या क्रमानं ओळीत उभं करायचं आणि बरोबर मधल्याचा आकडा घ्यायचा. ‘सरासरी’ फारसीतून आलेला. तिकडे ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मिळून. आपण तो दोन कामांना जुंपतो. ‘सरासरी रोज पाच गिऱ्हाइकं येतात’ यात भागाकार आहे. ‘सरासरी माणसाला हे परवडत नाही’ यात कुणी भागाकार केलेला नसतो. ‘साधारण, चारचौघांसारखा’ एवढंच म्हणायचं असतं. आकडे दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले असले की दोन्ही अर्थ एकाच जागी येतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. आकडे एकीकडे झुकले की ते फुटतात.

आता तुमच्या मुलाचा वर्ग. गुण तुम्ही दिलेले नाहीत, म्हणून असं चित्र कसं तयार होतं ते मांडून दाखवतो. चाचणी २० गुणांची. पाच जणांना १५, सहा जणांना १६, बारा जणांना १७, सहा जणांना १८ आणि पाच जणांना १९. हे झाले ३४ जण, बेरीज ५७८. उरलेले सहा त्या दिवशी आलेच नाहीत आणि तक्त्यात त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ऐवजी शून्य पडलं. ५७८ भागिले ४० म्हणजे १४.४५. पंधरा मिळवणारा पोरगाही आता सरासरीच्या वर! ते सहा शून्य काढून ३४ नी भागलं तर सरासरी नेमकी १७ येते आणि तिच्या वर उरतात फक्त अकरा जण. मध्यक मात्र शून्यं धरली तरी १७ आणि काढली तरी १७, जागचा हलत नाही. सरासरी आणि मध्यक दोन्ही काढायचे ते यासाठीच. त्यांच्यात एवढी फट पडली की एका टोकाला काहीतरी आहे असं समजावं आणि तक्ता उघडून बघावा. बाईंना विचाराच, शून्यं किती आहेत आणि कशाची आहेत.

शून्यं खरी असतील, म्हणजे मुलं परीक्षेला बसून कोरा पेपर देऊन आली असतील, तर १४.४५ ही सरासरी काढून टाकायचं कारण नाही. फक्त तिला ‘वर्गाची साधारण पातळी’ म्हणू नये.

पगारात हेच उलट्या बाजूनं होतं. शिरोलीत एखादं छोटं फौंड्रीयुनिट धरा : नऊ कामगार वीस-वीस हजारांवर, एक मॅनेजर दोन लाख वीस हजारांवर. बेरीज चार लाख, सरासरी चाळीस हजार. ‘आमच्याकडे सरासरी पगार चाळीस हजार’ ही जाहिरात गणितानं खरी, पण तो पगार तिथं एकालाही मिळत नाही आणि दहातले नऊ जण तिच्या निम्म्यावर. पगाराला खाली मर्यादा आहे, वर नाही. पायांना वर आहे, म्हणून शेपूट खाली. पगाराची बातमी वाचताना मी आधी मध्यक शोधतो. तो दिलेला नसला तर बातमी अर्धीच धरतो.

मध्यकानं सगळं भागतं असंही नाही. पायांचा मध्यक २ आहे आणि त्याच्या वर एकही माणूस नाही. एकसारखे आकडे ढिगानं असले की ‘निम्मे वर’ हे मध्यकालाही लागू पडत नाही. आणि एकूण हवं असेल तिथं सरासरीच लागते. चप्पल लाईनमधल्या एखाद्यानं ठरवलं की शहरातल्या प्रत्येक पायाला एक चप्पल करायची, तर मध्यक धरून तो अकरा लाख नग करील आणि ६०० उरतील. १.९९८९ हा कुणाच्याच पायांचा आकडा नाही, पण पुढचे दशांश न गाळता त्याला साडेपाच लाखांनी गुणलं की नग बरोबर १०,९९,४०० येतात.

वापरापुरतं सांगायचं तर भागाकार केला असेल तिथं ‘सरासरी’ लिहावं, चारचौघांबद्दल बोलायचं असेल तिथं ‘साधारण’ किंवा ‘बहुतेक’. प्रगतिपुस्तकात ‘सरासरीच्या वर’ याऐवजी ‘४० पैकी अमुक जणांच्या पुढे’ असं लिहिलं तर पालकाला नेमकं कळतं.