परतीचं तिकीट कोण काढणार? होकार देण्याआधी रिक्रूटरला काय लिहायचं

प्रश्न : मी पाइप वेल्डर आहे, बारा वर्षांचा अनुभव, दहावीनंतर आयटीआय केलंय. एका रिक्रूटरने व्हॉट्सअॅपवर अबू धाबीतल्या कंपनीचं ऑफर लेटर पाठवलं आहे. करार 2 वर्षांचा, बेसिक 1,500 दिरहॅम, राहणं-जेवण कंपनीकडे. त्यात दोन वाक्यं खटकतात. एक, ‘तिकीट कंपनीच्या नियमानुसार’. दुसरं, ‘मुदतीआधी नोकरी सोडल्यास व्हिसा व भरतीखर्चाचे 6,000 दिरहॅम कापले जातील’. तीन दिवसांत होकार द्या आणि मूळ पासपोर्ट जमा करा, असं तो म्हणतो. घरचे म्हणतात जास्त विचारलंस तर नोकरी हातची जाईल. मी त्याला काय उत्तर लिहू?

उत्तर : उत्तर जरूर लिहा, आणि ते ईमेलवर लिहा. फोनवरचं बोलणं उद्या कुणी मान्य करणार नाही.

आधी तुमच्या पासपोर्टविषयी. तुम्ही दहावी पास आहात, म्हणजे पासपोर्ट बहुधा ‘ईसीएनआर’, म्हणजे परदेशी कामासाठी सरकारी मंजुरी न लागणारा, असणार. दहावी न झालेला माणूस कामासाठी अमिरातीत निघाला की 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्या वेळी करारात पगार, कामाचे तास, राहण्याची सोय, येण्याजाण्याचं विमानभाडं, वाद मिटवण्याची पद्धत आणि वाईटात वाईट म्हणजे मृतदेह परत आणण्याची तरतूद आहे का, हे पाहिलं जातं. तुम्हाला ही मंजुरी लागत नाही, त्यामुळे तुमचा करार तुमच्या वतीने कुणीही वाचणार नाही. कुशल कामगार या ठिकाणी उघडा पडतो. जी यादी सरकारी अधिकारी तपासतो ती तुम्हाला स्वतः तपासावी लागेल.

मात्र रिक्रूटरवरचं बंधन तुमच्या पासपोर्टमुळे सैल होत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचं नोंदणी प्रमाणपत्र हवंच. ते नसताना भरती करणं हा गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणी देताना सरकार एजन्सीकडून तारण घेतं, आणि त्या तारणाचा एक उद्देश कायद्यातच लिहिलेला आहे : अडकून पडलेल्या कामगाराला भारतात परत आणण्याचा खर्च. म्हणजे नोंदणी क्रमांक विचारणं ही औपचारिकता नव्हे. कंपनीने हात वर केले तर तुमच्या परतीमागे उभा राहणारा पैसा त्या नोंदणीशी बांधलेला आहे. emigrate.gov.in वर एजन्सीचं नाव शोधा आणि नोंदणी आज चालू आहे की निलंबित किंवा संपलेली आहे ते पाहा. तुमच्याशी बोलणारा माणूस खुद्द त्या एजन्सीचा आहे की तिच्या नावावर माणसं गोळा करणारा मधला दलाल, हेही विचारा. नोंदणीकृत एजन्सीला असे सब-एजंट नेमता येत नाहीत. तिला तुमच्याकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी घेता येतात, तेही पावती देऊन. याहून मोठा आकडा रोखीत मागितला तर तिथेच थांबा.

आता तिकीट. अमिरातीच्या कायद्यात दोन वेगळी तिकिटं आहेत आणि तुमच्या ऑफर लेटरने दोन्ही एका वाक्यात गुंडाळली आहेत.

पहिलं सुट्टीचं. वर्षभर काम झालं की 30 दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळते, पण त्या रजेसाठी तिकीट द्यायला कंपनी बांधील नाही. ते फक्त करारात लिहिलं असेल तरच मिळतं. ‘कंपनीच्या नियमानुसार’ याचा अर्थ कंपनी आज देईल, उद्या नियम बदलेल. वर्षातून एकदा की दोन वर्षांतून एकदा, हे आकड्यात लिहून घ्या.

दुसरं नोकरी संपल्यावर घरी पोहोचवण्याचं. हे कायद्यातच आहे. 2021 चा कामगार कायदा (क्रमांक 33, कलम 13) सांगतो की नोकरी संपल्यावर कामगाराला जिथून आणलं तिथे, किंवा ठरलेल्या दुसऱ्या ठिकाणी, परत पाठवण्याचा खर्च मालकाने करायचा. याला अपवाद दोन. तुम्ही तिथेच दुसऱ्या कंपनीत लागलात तर जुनी कंपनी तिकीट देत नाही, हे न्याय्यच आहे. दुसरा अपवाद धोक्याचा : नोकरी संपण्याचं कारण ‘कामगाराकडे’ असेल तर खर्च कामगाराचा.

‘कामगाराकडे कारण’ म्हणजे काय, यावरच सगळी भांडणं होतात. तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. इथे तुमची ट्रेड टेस्ट होते, तुम्ही 6जी पोझिशनमध्ये पाइप जोडून दाखवता, पास होता. साइटवर पोहोचल्यावर कंपनीचा ग्राहक पुन्हा टेस्ट घेतो, तीही वेगळ्या धातूवर किंवा वेगळ्या प्रोसेसवर. जोडाच्या एक्स-रेमध्ये पोरोसिटी दिसते, ग्राहक नकार देतो. कंपनी म्हणते, प्रोबेशनमध्ये अपात्र ठरलास, कारण तुझ्याकडे, तिकीट तुझं. तुम्ही म्हणता, मला जे सांगून आणलं ते काम हे नव्हतंच. लेखी काही नसेल तर हा वाद परक्या देशात, पगार थांबलेला असताना, तुम्ही एकट्याने लढवायचा. म्हणून कोणती प्रोसेस, कोणता धातू, किती जाडी आणि इथली टेस्ट अंतिम आहे की नाही, हे विचारून घ्या. कायदेशीर मुद्दा म्हणून याचं वजन तिकिटाच्या प्रश्नाइतकंच आहे.

प्रोबेशन तिथे 6 महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात कंपनीला काढायचं असेल तर किमान 14 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तुम्हाला देश सोडून परत यायचं असेल तर तुम्हीही किमान 14 दिवसांची लेखी नोटीस द्यायची. न सांगता निघून आलात तर पुढे एक वर्ष तिथलं वर्क परमिट मिळत नाही. घरी आजारपण आलं म्हणून गुपचूप विमान पकडणारे वेल्डर मी पाहिलेत. चार ओळींची नोटीस दिली असती तर ते वर्ष वाया गेलं नसतं. स्वतःहून परत येताना तिकिटाची जबाबदारी तुमच्यावर पडू शकते, एवढी तयारी मनात ठेवा; करारात वेगळं लिहून घेतलं तर गोष्ट निराळी.

6,000 दिरहॅमच्या वाक्यावर मात्र माझं मत ठाम आहे : ते मान्य करू नका. ते तुमच्या चार महिन्यांच्या बेसिकइतके आहेत. भरती आणि नेमणुकीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करायचा नाही, असं त्याच कायद्याचं कलम 6 सांगतं. पगारातून कापणं हा आडमार्गच. रिक्रूटर या रकमेसाठी कोरा किंवा तारीख नसलेला चेक मागत असेल तर तो देऊ नका. तुम्ही पाचव्या महिन्यात परत आलात की तोच चेक इथे वटवायला टाकला जाऊ शकतो, आणि चेक परत गेल्याचा खटला तुम्हाला इथल्या कोर्टात लढवावा लागेल.

पासपोर्टही देऊन ठेवू नका. अमिरातीचा प्रवेश परवाना इलेक्ट्रॉनिक असतो, त्यासाठी स्पष्ट स्कॅन पुरतो. मेडिकलला मूळ पासपोर्ट लागेल, तो तुम्ही स्वतः घेऊन जा. तिथे पोहोचल्यावर मालकाने कागदपत्रं ताब्यात ठेवणंही तिथल्या कायद्याने बंद आहे.

शेवटचा महत्त्वाचा कागद : एजन्सीच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे ऑफर नव्हे. अमिरातीचं मानव संसाधन मंत्रालय ठरलेल्या नमुन्यात ऑफर लेटर काढायला लावतं. कामगाराने ते निघण्याआधी सही करायचं असतं, आणि तिथे गेल्यावरचा करार त्याच अटींवर व्हावा लागतो, त्याहून कमी अटींवर नाही. ते हिंदीतही मिळतं. बेसिकचा आकडा त्यातलाच खरा धरा, कारण ओव्हरटाइम आणि शेवटची ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजली जाते. तो नमुना दाखवायला रिक्रूटर टाळाटाळ करत असेल, किंवा ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ म्हणत असेल, तर तिकिटाची चर्चा करण्यात अर्थ उरत नाही. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदा आहे, आणि अशा कामगाराच्या हातात दाखवायला करारही नसतो.

आता मजकूर. हा इंग्रजीत करून, ऑफर लेटर जोडून पाठवा :

‘महोदय, पाइप वेल्डर पदाच्या ऑफरबद्दल आभार. मी हे काम करायला तयार आहे. होकार कळवण्याआधी पुढील गोष्टी लेखी मिळाव्यात. आपला नोंदणी क्रमांक आणि एकूण सेवाशुल्क किती? मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर सहीसाठी कधी मिळेल आणि त्यात बेसिक व भत्ते वेगळे दाखवले आहेत का? वेल्डिंग प्रोसेस, धातू आणि टेस्टचे निकष कोणते? साइटवरच्या टेस्टमुळे किंवा काम संपल्यामुळे कंपनीने नोकरी संपवली तर परतीचं तिकीट कंपनीचं राहील आणि ते मी निघालो त्याच विमानतळापर्यंत असेल, असं करारात लिहावं. रजेचं तिकीट किती महिन्यांनी, तेही लिहावं. आजारपणामुळे काम करणं अशक्य झालं तर परतीचा खर्च कोण करेल? 6,000 दिरहॅम कपातीची अट अमिरातीच्या कायद्याशी जुळत नाही, ती काढावी. पासपोर्टची स्कॅन प्रत सोबत आहे. मूळ पासपोर्ट लागेल तिथे मी स्वतः घेऊन येईन.’

तीन दिवसांच्या मुदतीला घाबरू नका. खऱ्या कंपनीला पास झालेला पाइप वेल्डर हवा असतो, आणि यातले बहुतेक प्रश्न एजन्सीच्या फाइलमधूनच सुटतात. काही मुद्द्यांवर नकार आला तरी चालेल. रजेचं तिकीट दोन वर्षांनी देतो म्हणाले तर तो घासाघाशीचा भाग आहे, तुम्ही ठरवा. साइटच्या टेस्टबद्दल ‘कंपनी सांभाळून घेईल’ असं तोंडी आश्वासन आलं तर पुन्हा एक ईमेल करा : ‘आपण फोनवर असं सांगितलंत, हे बरोबर आहे ना?’ उत्तर आलं तर पुरावा झाला, आणि नाही आलं तरी तुमचा ईमेल तारखेसकट शिल्लक राहतो.

नोंदणी क्रमांकच मिळाला नाही तर पैसे आणि कागद दोन्ही रोखा आणि प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. ऑफर लेटर, व्हॉट्सअॅप संदेशांचे स्क्रीनशॉट आणि हा ईमेल जोडा. पैसे आधीच दिले असतील तर बँकेचा व्यवहार क्रमांकही द्या आणि पोलिसांकडेही तक्रार नोंदवा.