कसीदा वाचताना उंटिणीपाशी थांबा

कसीदा म्हणजे जुन्या अरबी परंपरेतली दीर्घ कविता. सुरुवात लबीद या प्राचीन अरबी कवीच्या मुअल्लकेपासून, म्हणजे त्याच्या गाजलेल्या कसीद्यापासून करा. पहिल्या ओळीतच टोळीचा मुक्काम उठून गेलेला असतो. पुराच्या पाण्याने उघड्या पडलेल्या खुणा त्याला लेखणीने पुन्हा गिरवलेल्या अक्षरांसारख्या दिसतात. तो दगडांना प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःलाच म्हणतो, मुक्या दगडांना काय विचारायचं! हा विलाप म्हणजे नसीब. (आपल्या ‘नशिबा’शी याचा संबंध जोडू नका.)

प्रेयसी नवार दुरावली, तेव्हा तोही नातं तोडून उंटिणीवर निघतो. नवखे वाचक इथेच गोंधळतात, कारण उंटिणीला उपमा देता देता तो भलत्याच गोष्टीत शिरतो. लांडग्यांनी पाडस खाल्लेली रानगाय पावसात रात्र काढते, पाडसाला शोधत फिरते, शेवटी शिकारी कुत्र्यांवर शिंगं रोखते. हे विषयांतर समजून गाळू नका. विरह मागे टाकून तगून राहणं तिच्याच रूपात दिसतं.

मग येतो फख्र, म्हणजे बढाई. आधी स्वतःची, नंतर ‘मी’चा ‘आम्ही’ होतो आणि टोळीचं औदार्य सांगितलं जातं. सगळेच कसीदे असे संपत नाहीत. दरबारी कवी याच जागी आश्रयदात्याची स्तुती करतात.