बांडुरा लिहिताना एकच प्रसंग धरा

पहिल्या पेपरात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुराच्या, दुसऱ्याचं बघून शिकण्याच्या सिद्धांतावर लिहिताना बोबो डॉलवरच, म्हणजे मोठ्यांनी बाहुलीला मारताना पाहून मुलांनी नक्कल केली त्या प्रयोगावरच, पानं भरू नका, ती चूक सगळेच करतात. वर्गातला एकच प्रसंग घ्या. बाई फळ्यावर बेरीज चुकतात, थांबतात, मोठ्याने म्हणतात, “हातचा राहिला,” आणि खोडून पुन्हा करतात. आता बघून शिकण्याच्या बांडुराच्या चार पायऱ्या लावा:

- अवधान: मुलं फळ्याकडे बघत होती का?
- धारणा: “हातचा राहिला” हे शब्द लक्षात राहिले का?
- पुनरुत्पादन: हातच्याची बेरीज त्यांना मुळात जमते का?
- प्रेरणा: चूक कबूल केल्यावर कुणी हसलं का?

बहुतेकांचा घोटाळा शेवटच्या पायरीवर होतो. मुलाने अनुकरण केलं नाही म्हणजे शिकलंच नाही, असं लिहू नका. बांडुराच्या 1965 च्या प्रयोगात आदर्शाला, म्हणजे बाहुलीला मारून दाखवणाऱ्या व्यक्तीला, शिक्षा झालेली पाहून मुलांनी नक्कल कमी केली. बक्षीस देऊ केल्यावर मात्र तीच कृती करून दाखवली.