जुन्या पोस्टरवर मित्राचा चेहरा बसवताना

प्रश्न: महाल भागातल्या रद्दीवाल्याकडे सर्कशीचं जुनं पोस्टर मिळालं. मित्राचा चेहरा त्यावर बसवलाय, पण वरून चिकटवल्यासारखा दिसतो. काय करू?

उत्तर: चेहऱ्यावर छपाईचे ठिपके नाहीत, म्हणून तो परका दिसतो.

पोस्टर ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि स्कॅनरचं 'डीस्क्रीन' बंद ठेवा, नाहीतर ठिपकेच पुसले जातात. मग ठिपक्यांच्या एका ओळीत दहा अंतरं मोजा. समजा ती १२० पिक्सेल भरली, तर दोन ठिपक्यांत १२ पिक्सेल.

आता चेहरा आधी अंतिम मापाचा करा. ठिपके पाडल्यावर आकार बदलला की जाळी बिघडते आणि लहरी उमटतात. वेगळ्या फाइलमध्ये, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, CMYK मोडमध्ये फोटोशॉपचा Color Halftone हा ठिपके पाडणारा फिल्टर लावा. Max. Radius ८ पासून सुरू करून पुन्हा दहा अंतरं मोजा, जुळेपर्यंत बदला. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या ओळीचा कोनही पोस्टरवर पाहूनच भरा.

रंग सरकलाय का, हे काळ्या अक्षरांच्या कडेला कळतं. उजवीकडे ४ पिक्सेल गुलाबी डोकावत असेल, तर फक्त Magenta चॅनल तेवढाच उजवीकडे सरकवा.

स्कॅनमधला मूळ चेहरा त्याच स्कॅनमधल्या कोऱ्या कागदाच्या तुकड्यांनी झाकून नवा चेहरा वरच्या लेयरवर Multiply मध्ये ठेवा, म्हणजे पांढऱ्या जागी पिवळट कागदच दिसेल. मास्कची कड मऊ करू नका. अर्धवट विरलेले ठिपके छापखान्यात पडतच नाहीत, नजर तिथेच अडते. जोड कॉलरच्या किंवा केसांच्या काळ्या रेषेवर घ्या.