दोन गाइड, एक प्रकरण आणि सबमिशनला उरलेले बारा दिवस

सप्रेम नमस्कार,

तुझ्या ऊसतोडीवरच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण आणि त्यावरचे दोन्ही गाइडचे शेरे मिळाले. सरांनी प्रिंटवर पेन्सिलीने लिहिलंय, मॅडमनी वर्डमध्ये कॉमेंट टाकल्यात. दोन्ही शेजारी ठेवून वाचताना एक गोष्ट लगेच दिसली. मॅडम विचारतात, "तक्ता ४.३ मधले टक्के कशाचे?" पण सरांच्या प्रिंटमध्ये त्या तक्त्याखाली "एकूण कुटुंबांशी प्रमाण" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे मॅडमनी आधीची फाइल वाचली आहे, सरांनी नंतरची. तेव्हा सगळ्यात आधी कोणता शेरा कोणत्या फाइलवरचा आहे ते तपास. मला तरी अशा चार-पाच जागा दिसल्या जिथे भांडण दोघांत नाही, `Chapter4_v5.docx` आणि `Chapter4_v6.docx` यांच्यात आहे.

मग उरतात मांडणीचे शेरे. सर म्हणतात बायकांच्या मुलाखती आधी घे, मॅडम म्हणतात तक्ते आधी. यावर फार वेळ घालवू नकोस. प्रमाणपत्रावर गाइड म्हणून सरांची सही आहे, क्रम त्यांच्या मनासारखा ठेव. क्रमावरून कोणी परीक्षक प्रबंध परत पाठवत नाही. मात्र क्रम बदललास की तक्त्यांचे क्रमांक बदलतात, आणि पाचव्या प्रकरणात "तक्ता ४.६ पाहा" असं जिथे जिथे लिहिलंय तिथे हाताने जावं लागेल. त्याला अर्धा दिवस धर.

खरा पेच एकाच वाक्यात आहे: "सिंचनाअभावी ही कुटुंबं ऊसतोडीला जातात." सरांचा शेरा, "बरोबर, आणखी ठाम लिहा." मॅडमचा शेरा, "एकदाच केलेल्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. शिवाय कर्ज मॉडेलमध्ये घेतलेलं नाही." इथे दोघांनाही थोडं थोडं खूश करणारं गुळमुळीत वाक्य लिहिलंस तर ते चुकीचंच राहील. इथे ज्येष्ठता बघायची नाही, तुझा डेटा काय झेपवतो ते बघायचं.

तू गावात एकदाच गेलीस, तेही हंगाम संपवून माणसं परतल्यावर. तेव्हा ज्या घराला सिंचन नव्हतं, ते नसल्यामुळे घर कारखान्यावर गेलं, की दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला निघून चैत्रात परतणाऱ्या घराला रब्बी घेताच येत नाही, म्हणून विहिरीवर कधी खर्चच झाला नाही? तुझ्या आकड्यांतून दोन्ही अर्थ निघतात. एवढ्यापुरतं मॅडमचं म्हणणं बरोबर आहे.

पण त्यांचा कर्जाचा मुद्दा जसाच्या तसा घेऊ नकोस. तुझ्या प्रश्नावलीत "सध्या किती देणं आहे?" असा प्रश्न आहे, आणि तो हंगामानंतर विचारलेला आहे. त्यात मुकादमाची न फिटलेली उचल येणारच. उचल ही जाण्याचाच भाग आहे: कोयता ठरतो तेव्हाच नवरा-बायकोच्या नावावर ती पडते. तिला जाण्याचं कारण म्हणून मॉडेलमध्ये घातलंस तर ते मॉडेल काहीच सांगणार नाही. उचलीच्या आधीचं सोसायटीचं किंवा सावकाराचं कर्ज तू वेगळं नोंदवलं असशील तरच ते घे. नोंदी असतील तर उद्या सकाळीच तेवढं एक चल वाढवून मॉडेल चालव, तासाभराचं काम आहे. सिंचनाचा परिणाम जवळपास तसाच राहिला तर नवा तक्ता परिशिष्टात जाईल आणि मजकुरात एक ओळ येईल. तो विरघळून गेला तर मात्र निष्कर्षच बदलावा लागेल, मग बारा दिवस असोत की दोन. नोंदी वेगळ्या नसतील तर तसं अभ्यासाच्या मर्यादांत लिही आणि पुढे चल.

आता सरांची बाजू. ते ठामपणा मागतात तो मुलाखतींच्या जोरावर, आणि मुलाखती खरंच ठाम आहेत. तुझ्या प्रकरणातली ती बाई सांगते की विहीर आटली, मग कापूस गेला, मग मुकादमाकडून उचल घेतली. हा क्रम आकड्यांत नाही, तिच्या सांगण्यात आहे. म्हणून एका वाक्याची तीन कर. मी असं लिहिलं असतं: "सिंचन नसलेल्या कुटुंबांत ऊसतोडीला जाण्याचं प्रमाण अधिक आढळलं. एकाच वेळच्या पाहणीमुळे यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे आकड्यांवरून सांगता येत नाही. मुलाखतींत मात्र अनेक कुटुंबांनी पाणी तुटणं, पीक जाणं आणि उचल घेणं हे याच क्रमाने सांगितलं." प्रत्येक वाक्य आपापल्या पुराव्यावर उभं आहे, आणि सरांना हवा तो ठामपणा तिसऱ्यात आहे.

हे सांगायचं कसं, तेही सांगते. आधी सरांना फोन कर, आणि "मॅडम असं म्हणतात" इथून सुरुवात करू नकोस. विहिरीचं उदाहरण दे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रबंध निदान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. त्यातल्या एकाने हाच प्रश्न तोंडी परीक्षेत काढला तर उत्तर काय द्यायचं, असं त्यांनाच विचार. सरांना हे पटायला वेळ लागणार नाही. मग त्याच संध्याकाळी दोघांना मिळून एकच मेल:

"आदरणीय सर आणि मॅडम, प्रकरण ४ ची सुधारित प्रत (v7) जोडली आहे. मांडणीत मुलाखती आधी घेतल्या आहेत. पान ११२ वरच्या निष्कर्षाबद्दल आपल्या दोघांच्या सूचना वेगळ्या होत्या. तिथे जोडलेली तीन वाक्यं ठेवावीत असं सुचवते. कर्जाचा तक्ता परिशिष्टात आहे. शुक्रवारपर्यंत आपलं मत कळवावं, शनिवारी प्रत साधर्म्य तपासणीला द्यायची आहे."

अर्थात तक्त्याचं वाक्य मॉडेल चालवून झाल्यावर, जे निघेल तसं लिही. बाकी सत्तर शेऱ्यांची यादी मेलमध्ये नको. एकाचे शेरे दुसऱ्याला फॉरवर्ड तर अजिबात करू नकोस. पेन्सिलीने लिहिलेलं माणूस वेगळ्या भरात लिहितो. आणि सरांसाठी एक, मॅडमसाठी एक अशा दोन प्रती तर बनवूच नकोस. प्री-सबमिशनला त्या एकाच टेबलावर येतात.

उत्तर न येण्याची तयारी ठेव. आपल्या विभागांत मेलला उत्तर न येणं म्हणजे होकार नसतो, ते फक्त वाचलेलं नसतं. गुरुवारी दुपारी ११२ व्या पानाची प्रिंट घेऊन दोघांच्या केबिनमध्ये जा. पूर्ण प्रकरण नेऊ नकोस, नेलंस की चाळायला घेतात आणि नवे शेरे निघतात. ते एकच पान वाचून घे, आणि "ठीक" म्हटलं की परत येऊन दोघांना दोन ओळींचा मेल टाक, की आजच्या बोलण्याप्रमाणे हे वाक्य अंतिम केलं आहे.

एवढं करूनही मॅडम अडून बसल्या तर सल्लागार समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त काढ. पद्धतीबद्दल तिथे जे मंजूर झालंय ते दोघांनाही बांधील आहे, आणि त्यावर दोघांच्याही सह्या आहेत.

मॉडेल चालवलंस की आकडे मला पाठव. रात्री दहापर्यंत जागी असते.

तुझी,
ताई